सॉफ्टवेअरच्या सबस्क्रिप्शनवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट हवे, तर बिलात काय काय असावे लागते

रिटर्न भरायची वेळ आली की माझ्या व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पडायला लागतात. कुणी बँकेचा मेसेज पाठवतो, कुणी 'पेमेंट सक्सेसफुल'ची हिरवी खूण, कुणी कार्डाच्या स्टेटमेंटवर पेनाने गोल करून फोटो. "पैसे तं कटले न भाऊ, मग क्रेडिट काऊन नाही भेटत?" हा प्रश्न मग ठरलेलाच. पैसे कटल्याचा पुरावा आणि टॅक्स इनव्हॉइस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रेडिट दुसरीवर मिळते, पहिलीवर नाही.

हे सगळे एकाच दुकानाच्या हिशोबातून दाखवतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे कृषी केंद्र आहे. बियाणे, खते आणि फवारणीची औषधे विकते, दर महिन्याला रिटर्न भरते. त्याची दोन सबस्क्रिप्शने आहेत. एक बिलिंगचे सॉफ्टवेअर, बंगळुरूच्या कंपनीकडून, वर्षाचे १२,००० रुपये अधिक जीएसटी. दुसरी, फाइली ठेवायची आणि ईमेलची सेवा, परदेशी कंपनीची, महिन्याला ३० डॉलर. दोन्हीवर कर १८ टक्के, पण क्रेडिटचा रस्ता पूर्ण वेगळा.

तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट मिळतच नाही. तुम्हाला या लेखातला फक्त टप्पा ५ लागतो, तोही कर भरण्यापुरता.

## टप्पा १ : पैसे भरण्याआधी खात्यात जीएसटी नंबर टाका

निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात, आणि नंतर दुरुस्त करायला सगळ्यात त्रासदायकही ह्याच. सॉफ्टवेअर कंपनीचे बिल माणूस करत नाही. कार्डातून पैसे कटले की त्या क्षणी तुमच्या खात्यात जे नाव, जो पत्ता, जो नंबर भरलेला असेल तो उचलून बिल तयार होते. नंबरचा रकाना रिकामा असेल तर कंपनीच्या दृष्टीने तुम्ही घरगुती ग्राहक. मग ते बिल तुमच्या नंबरावर सरकारकडे जातच नाही.

क्रम असा ठेवा. दुकानाच्या नावाचा वेगळा ईमेल काढा आणि त्यावरच खाते उघडा. मुलाच्या मोबाइलमधल्या जुन्या ईमेलवरून घेतलेले सबस्क्रिप्शन मुलाच्याच नावावर राहते. त्यानंतर खात्याच्या बिलिंग सेटिंगमध्ये जा. तिथे नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसेच नाव, तोच पत्ता, राज्य महाराष्ट्र आणि १५ अक्षरी जीएसटी नंबर भरा. हे जतन झाल्याचे डोळ्याने पाहा आणि मगच कार्डाचा नंबर टाका.

नंबर टाकताना ब्राउझरच्या भरवशावर राहू नका. मी स्वतः एकदा एका गिऱ्हाइकाचे खाते भरत असताना ऑटोफिलने त्याच्या भावाच्या फर्मचा नंबर आणून ठेवला. दोन्ही नंबर 27 ने सुरू होणारे, आडनाव एकच. वर्षभराचे क्रेडिट भावाच्या फर्मच्या नोंदीत दिसत राहिले आणि मला ते मार्चमध्ये कळले.

तपासणी : पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे त्या फर्मचा पॅन. ही दहा अक्षरे पॅनकार्डाशी जुळवून पाहिली की नंबर दुसऱ्याचा लागत नाही.

पैसे मालकाच्या स्वतःच्या कार्डातून गेले तरी क्रेडिट अडत नाही. बिल फर्मच्या नावाने आणि नंबराने हवे, आणि मालकाने फर्मसाठी खर्च केला अशी नोंद वहीत हवी. घरच्या फोनसाठी घेतलेली जागा किंवा सिनेमा बघायचे सबस्क्रिप्शन मात्र यात घुसवू नका. वैयक्तिक वापराच्या खर्चावर क्रेडिट नाही, बिलावर नंबर असला तरी नाही.

## टप्पा २ : विकणारा नेमका कोण, ते बिलावरून ओळखा

जाहिरात कुणाची आहे त्यावर जाऊ नका. एकाच नावाची कंपनी भारतातल्या शाखेकडून बिल देते किंवा परदेशातल्या कार्यालयाकडून. बिलाच्या वरच्या भागात विकणाऱ्याचा पत्ता आणि त्याचा जीएसटी नंबर बघा. चार शक्यता असतात.

नंबर 29, 06, 07 किंवा 27 अशा भारतीय राज्याच्या अंकांनी सुरू होत असेल, तर विकणारा देशातला. 29 म्हणजे कर्नाटक, 06 हरियाणा, 07 दिल्ली. पुढे टप्पा ३ आणि ४.

नंबर 99 ने सुरू होत असेल, तर ती परदेशी कंपनी आहे आणि ऑनलाइन सेवांसाठी तिने भारतात नोंदणी घेतलेली आहे. तिचा हा नंबर घरगुती ग्राहकांकडून कर गोळा करण्यासाठी असतो. त्या बिलावर १८ टक्के आयजीएसटी लावलेला दिसला म्हणजे तुमचा नंबर तिच्याकडे पोचलेला नाही. लोक इथे हमखास फसतात. बिलावर जीएसटी ठळक छापलेला असतो, विकणाऱ्याचा नंबरही असतो, पण तो कर तुमच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी तुमच्या नंबरावर दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, कधीच येत नाही.

विकणाऱ्याचा भारतातला नंबरच नसेल, पत्ता परदेशातला आणि कर शून्य असेल, तर टप्पा ५.

चौथी शक्यता आपल्याच गावातली. तालुक्याच्या कॉम्प्युटर दुकानातून सॉफ्टवेअरचे नूतनीकरण करून घेतले आणि दुकानदार कंपोझिशनमध्ये असेल, तर तो 'बिल ऑफ सप्लाय' देतो. त्यावर कर वेगळा लावायची त्याला मुभाच नाही, म्हणून क्रेडिटही नाही. त्याने कंपनीकडून घेताना कर भरला असेल, पण तो त्याच्या किमतीत मुरला. दुकानदाराला आधी विचारा किंवा थेट कंपनीकडून घ्या.

## टप्पा ३ : देशातल्या कंपनीचे बिल सहा ठिकाणी वाचा

नियम ४६ मध्ये बिलातल्या गोष्टींची लांबलचक यादी आहे. तीतली एखादी राहिली तर क्रेडिट गेलेच असे नाही. नियम ३६(२) मध्ये सूट आहे : पुढच्या सहा गोष्टी असतील तर बाकी काही कमी असले तरी क्रेडिट घेता येते. म्हणून नजर आधी ह्या सहांवर.

1. विकणाऱ्याचा जीएसटी नंबर.
2. तुमचा जीएसटी नंबर, एकही अक्षर न चुकता.
3. सेवेचे वर्णन. नुसते 'प्लॅन' किंवा 'ऑर्डर' नको. कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे दिसावे.
4. एकूण रक्कम.
5. कराची रक्कम वेगळी दाखवलेली. 'सर्व करांसह १४,१६०' एवढ्यावर भागत नाही.
6. विकणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर सेवेचे ठिकाण, म्हणजे 'प्लेस ऑफ सप्लाय'. आपल्यासाठी ते महाराष्ट्र.

सहावी गोष्ट लोक वाचतच नाहीत, आणि कर बरोबर लागला की नाही ते तिथेच कळते. ग्राहक नोंदणीकृत असेल तर सेवेचे ठिकाण म्हणजे ग्राहकाचे नोंदणीचे ठिकाण. विकणारा कर्नाटकचा आणि ठिकाण महाराष्ट्र असेल तर १८ टक्के आयजीएसटी लागला पाहिजे. विकणारा पुण्याचा असेल तर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. बंगळुरूच्या कंपनीने ९-९ लावले असतील, तर तिने ठिकाण कर्नाटक धरले आणि राज्याचा कर तिकडे जमा केला. तो एसजीएसटी महाराष्ट्रातल्या नोंदणीवर मिळत नाही. बहुतेक वेळा कारण एकच निघते, खात्यात राज्य चुकीचे निवडलेले असते.

आपल्या दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरचे बिल असे आहे : विकणाऱ्याचा नंबर 29 ने सुरू, ग्राहकाचा 27 ने, वर्णनात सॉफ्टवेअरचे नाव आणि वर्षाची मुदत, मूळ रक्कम १२,०००, आयजीएसटी २,१६०, एकूण १४,१६०, ठिकाण महाराष्ट्र (27). सहाही गोष्टी जागेवर आहेत.

बिलाचा क्रमांक आणि तारीख या सहांत नाहीत, तरी त्यांच्याशिवाय टप्पा ४ मध्ये काहीच जुळत नाही. क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो. पीडीएफवर ऑर्डर क्रमांक, पावती क्रमांक आणि इनव्हॉइस क्रमांक असे तीन-तीन आकडे छापलेले असतात. वहीत इनव्हॉइस क्रमांकच घ्या.

इशारा : 'प्रोफॉर्मा इनव्हॉइस', 'रिसीट', 'ऑर्डर कन्फर्मेशन' यांतल्या कशावरही क्रेडिट घेऊ नका. कंपनीच्या खात्यात टॅक्स इनव्हॉइस सहसा वेगळ्या जागी, दोन-तीन दिवसांनी येतो.

तपासणी : विकणाऱ्याची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर नोंदणीकृत ग्राहकाला त्याने ई-इनव्हॉइस द्यायचा असतो. त्यावर ६४ अक्षरी लांबलचक आयआरएन असतो. मोठ्या कंपनीच्या बिलावर तो नसेल तर कंपनीने तुम्हाला घरगुती ग्राहक धरले असण्याची शंका घ्या. नुसता क्यूआर कोड बघून समाधान मानू नका, कारण मोठ्या कंपन्या घरगुती बिलावरही पैसे भरण्याचा क्यूआर छापतात. सेझमधल्या युनिटला ई-इनव्हॉइसची सक्ती नाही, तेवढा अपवाद लक्षात असू द्या.

## टप्पा ४ : २बीमध्ये आल्याशिवाय क्रेडिट घेऊ नका

बिल कितीही बिनचूक असले तरी विकणाऱ्याने ते आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवून तुमच्या जीएसटीआर-२बीमध्ये उतरेपर्यंत क्रेडिट घेता येत नाही. जीएसटीआर-१ ची तारीख दर महिन्याची ११, आणि २बी तयार होते १४ तारखेला. म्हणजे जूनचे बिल जुळवायचे असेल तर १४ जुलैनंतर बसा. त्याआधी बसून काही हाती लागत नाही.

जुळवताना चार गोष्टी बघा : विकणाऱ्याचा नंबर, इनव्हॉइस क्रमांक, मूळ रक्कम, कराची रक्कम. पोर्टलवर इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीममध्ये हीच बिले स्वीकारा, नाकारा किंवा थांबवून ठेवा म्हणून विचारतात. ओळखू येत नाही म्हणून बिल पटकन नाकारू नका. सॉफ्टवेअरचे नाव एक आणि कंपनीचे कायदेशीर नाव दुसरेच, असे या धंद्यात नेहमी असते. आपल्या दुकानदारानेही बिलिंग सॉफ्टवेअरचे बिल "हे कोनाचं आलं बाप्पा" म्हणून नाकारायला घेतले होते.

जुळलेले क्रेडिट जीएसटीआर-३बीच्या `4(A)(5)` मध्ये येते. सॉफ्टवेअर मालमत्ता म्हणून वहीत घेतले असेल तर कराच्या रकमेवर घसारा धरू नका. घसारा किंवा क्रेडिट, दोन्हींपैकी एकच मिळते.

## टप्पा ५ : परदेशी कंपनी असेल तर बिल तुम्हीच करायचे

खात्यात नंबर टाकल्यावर परदेशी कंपनी कर लावणे बंद करते. दुकानदाराला वाटते कर वाचला. तो वाचला नाही, भरायची जबाबदारी फक्त तुमच्याकडे आली. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. विदेशातून आलेल्या सेवेवर नोंदणीकृत व्यापाऱ्याने आयजीएसटी स्वतः भरायचा, रक्कम कितीही लहान असो.

आपल्या दुकानाने पहिले दोन महिने नंबर टाकला नव्हता. तेव्हा ३० डॉलर अधिक ५.४० कर, असे ३५.४० डॉलर कटत होते. तो ५.४० चा कर बुडीत. नंबर टाकल्यावर सरळ ३० डॉलर कटू लागले. पुढची पावले अशी.

1. कंपनीचे बिल उतरवून घ्या. त्यावर तुमचे नाव, नंबर, सेवेचे वर्णन आणि मुदत असावी. कर शून्य असणार, ते बरोबरच आहे.
2. पैसे कटले त्या दिवसाचा डॉलरचा दर लावा. समजा ८५ रुपये. ३० डॉलरचे २,५५० रुपये, त्यावर १८ टक्के म्हणजे ४५९ रुपये.
3. तुमच्याच नावाने स्वतःचे इनव्हॉइस करा. त्यावर तुमचा सलग क्रमांक, तारीख, परदेशी कंपनीचे नाव-पत्ता, सेवेचे वर्णन, रुपयांत रक्कम, दर, आयजीएसटी ४५९, सेवेचे ठिकाण महाराष्ट्र, 'रिव्हर्स चार्ज : होय' आणि तुमची सही. नियम ४७अ प्रमाणे सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांत हे व्हायला हवे. सोबत पेमेंट व्हाउचरही करा.
4. ज्या महिन्यात पैसे कटले त्याच महिन्याच्या ३बीमध्ये `3.1(d)` मध्ये २,५५० आणि ४५९ दाखवा.
5. हे ४५९ रोखीच्या लेजरमधून भरा. क्रेडिटच्या लेजरमध्ये लाखभर पडलेले असले तरी रिव्हर्स चार्जचा कर त्यातून भरता येत नाही.
6. त्याच रिटर्नमध्ये `4(A)(2)`, म्हणजे सेवेची आयात, इथे ४५९ क्रेडिट घ्या.

क्रेडिटचा कागद इथे कंपनीचे बिल नाही, तुमचे स्वतःचे इनव्हॉइस आहे, आणि तेही कर भरलेला असेल तरच. २बीमध्ये वाट बघत बसू नका. परदेशी कंपनीचे बिल तिथे येत नाही, त्यामुळे हे दोन्ही आकडे हाताने भरावे लागतात.

इशारा : `4(A)(2)` मध्ये क्रेडिट घेतले आणि `3.1(d)` रिकामे ठेवले, अशी चूक मी नव्या ऑपरेटरांकडून वारंवार बघितली आहे. पोर्टलवर रिव्हर्स चार्जचे वेगळे स्टेटमेंट आहे, त्यात हे दोन आकडे समोरासमोर दिसतात. भरलेल्यापेक्षा जास्त क्रेडिट घेतले की ते तिथेच उघडे पडते.

## टप्पा ६ : बियाणे विकता? मग पूर्ण क्रेडिट तुमचे नाही

आमच्याकडे हा टप्पा जवळजवळ सगळेच विसरतात. पेरणीच्या बियाण्यावर कर नाही. खतावर आणि औषधावर आहे. बिलिंगचे सॉफ्टवेअर मात्र तिन्हींची बिले करते. करमुक्त विक्रीसाठी वापरलेल्या भागाचे क्रेडिट परत करावे लागते, नियम ४२ प्रमाणे.

जूनचा हिशोब बघू. एकूण विक्री २० लाख, त्यात बियाणे ८ लाख, म्हणजे ४० टक्के. सॉफ्टवेअरचे सामाईक क्रेडिट २,१६० अधिक ४५९, म्हणजे २,६१९. त्याचे ४० टक्के, १,०४७.६० रुपये, `4(B)(1)` मध्ये परत दाखवायचे. हातात राहिले १,५७१.४०.

जूनमध्ये कपाशीच्या आणि सोयाबीनच्या बियाण्याची पाकिटे निघतात, म्हणून टक्का जास्त. तेच बिल जानेवारीत आले असते तर परत करायची रक्कम किरकोळ झाली असती. म्हणून वर्ष संपल्यावर पूर्ण वर्षाच्या विक्रीवर हा हिशोब पुन्हा मांडतात. जास्त परत केले असेल तर ते घेता येते, कमी केले असेल तर व्याजासह भरावे लागते. जूनच्या टक्क्याने घाबरून क्रेडिट सोडून देऊ नका आणि जानेवारीचा टक्का जूनला लावू नका.

सुटी डाळ आणि पाकीटबंद डाळ दोन्ही विकणाऱ्या दालमिललाही हाच हिशोब लागतो.

## टप्पा ७ : बिल चुकले असेल तर

खात्यात नंबर आज टाकला म्हणून मागची बिले सुधारत नाहीत. नवा नंबर पुढच्या बिलापासून लागतो. मागच्यांसाठी कंपनीच्या मदत केंद्राला लेखी लिहावे लागते : इनव्हॉइस क्रमांक, तारीख, रक्कम, काय चुकले, बरोबर नंबर कोणता, आणि नोंदणी प्रमाणपत्राची पीडीएफ. 'जीएसटी बिल पाठवा' एवढेच लिहिले तर तेच जुने बिल पुन्हा येते. साफ लिहा की जुन्या बिलावर क्रेडिट नोट काढून आमच्या नंबरासह नवे बिल द्यावे आणि ते जीएसटीआर-१ मध्ये नोंदणीकृत ग्राहकाच्या विक्रीत दाखवावे. पीडीएफवर नंबर छापून दिला पण रिटर्नमध्ये बदल केला नाही, तर ते बिल २बीमध्ये उतरत नाही. एका कंपनीने मला असे सुंदर सुधारलेले बिल चार वेळा पाठवले होते.

परदेशी कंपनीने कर लावून घेतला असेल तर तिच्याकडे कराचा परतावा आणि शून्य कराचे बिल मागा. तुम्ही नोंदणीकृत आहात, त्यामुळे तिने कर घेतला तरी कागदावर रिव्हर्स चार्जची जबाबदारी तुमचीच राहते.

वेळेची मर्यादा पक्की आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षातल्या बिलाचे क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरले तर त्या दिवसापर्यंतच घेता येते. कंपनीला नोव्हेंबरमध्ये लिहून उपयोग नाही, कारण दुरुस्त बिल तिच्या पुढच्या जीएसटीआर-१ मधून येईपर्यंत मुदत संपलेली असते. मी माझ्या गिऱ्हाइकांना पोळ्याच्या आत मागच्या वर्षाची सगळी सॉफ्टवेअर बिले काढायला लावतो.

आणि पीडीएफ त्याच महिन्यात उतरवून ठेवा. सबस्क्रिप्शन बंद केले की बऱ्याच कंपन्यांच्या खात्यात शिरता येत नाही. बिले मात्र वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवायची असतात. आपल्या कृषी केंद्राच्या पहिल्या दोन परदेशी बिलांचे तेच झाले. जुने खाते बंद करून नवे उघडले, आणि परतावा मागायला लागणारे बिल क्रमांक बंद खात्यातच राहिले.